‘सात दिवसांत संपेल’

मी एका ऑनलाइन गेम स्टोअरच्या ग्राहक विभागात रिफंडच्या तक्रारींची तिकिटं बघते. त्या सकाळी पहिलंच तिकीट एका आईचं होतं. स्टोअरच्या वॉलेटमधले पैसे सात दिवसांत संपणार, असं मुलाला स्क्रीनवर दिसलं होतं. पैसे बुडतील या भीतीने त्याने नको असलेला गेम घेऊन टाकला. ‘सगळे पैसे परत द्या, नाहीतर मी बँकेत तक्रार करते,’ असं त्यांनी लिहिलं होतं.

मी खातं उघडलं. अकरा दिवसांपूर्वी कार्डावरून १,००० भरलेले, दोन दिवसांनी आणखी ५००. मग स्टोअरनेच सवलतीत दिलेलं १०० चं क्रेडिट. शेवटी आदल्या रात्रीचा ६०० चा गेम.

संपणार होतं ते फक्त १०० चं क्रेडिट. स्वतःच्या खिशातून भरलेल्या रकमेला आमच्याकडे मुदत नाही. पण स्क्रीनवर दोन्ही एकाच आकड्यात दिसतात आणि सूचनेत ‘तुमची शिल्लक’ एवढंच लिहिलेलं असतं. ही चूक आमची आहे, हे मी त्या दिवशी वरिष्ठांना लेखी कळवलं.

आमची यंत्रणा आधी मुदतीचं क्रेडिट वापरते. म्हणजे गेममध्ये ते १०० गेले आणि उरलेले ५०० पहिल्या भरण्यातून. इथेच अडलं. भरलेली रक्कम १४ दिवसांत परत मिळते, पण त्यातला एक पैसाही वापरलेला नसेल तरच. स्टीम या मोठ्या ऑनलाइन गेम स्टोअरचा जाहीर नियमही असाच आहे. चोरलेल्या कार्डाने पैसे भरून ते दुसरीकडून रोख काढायचे प्रकार होतात, म्हणून ही अट. त्याच कारणाने आम्ही रिफंडही ज्या कार्डावरून पैसे आले त्यावरच पाठवतो.

दुसऱ्यांदा भरलेले ५०० मात्र कुणी हात न लावलेले, नऊ दिवसांचे होते. ते मी लगेच कार्डावर परत पाठवले. गेम चाळीस मिनिटंच खेळला गेला होता, दोन तासांच्या मर्यादेच्या आत, म्हणून तोही परत घेता आला. त्याचे पैसे वॉलेटमधून आले होते, त्यामुळे ते वॉलेटमध्येच गेले. क्रेडिट आपल्या जुन्याच मुदतीसह परत आलं.

मग मी त्यांना फोन केला. “मॅडम, बँकेत तक्रार करू नका. तसं झालं तर तिचा निकाल लागेपर्यंत आमच्याकडचं खातं बंद राहतं आणि मुलाचे आधीचे गेमही अडकतात.”

“म्हणजे उरलेले हजार कधीच बाहेर येणार नाहीत?”

“नाही. पण ते संपणारही नाहीत. पुढच्या वर्षी वापरले तरी चालतील.”

त्या जरा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “हे त्याला तुम्हीच सांगा. रात्रभर रडलाय तो.” मुलगा फोनवर आला, आणि मी त्याला व्यवहारांची यादी कुठे उघडायची ते सावकाश सांगितलं.