बर्फ सुटला, आजार नव्हता सुटला

गंगावेशीतल्या माझ्या दवाखान्यात ‘अशक्तपणा’ घेऊन रोज कुणी ना कुणी येतंच. बहुतेक बायकाच. पण या मावशींची केस डोक्यातून जात नाही, म्हणून लिहायला बसले. ओळख पटू नये म्हणून एक-दोन तपशील बदलले आहेत.

मावशी अठ्ठावन्न वर्षांच्या. पाळी जाऊन आठ वर्षं झालेली. घरची रसवंती, दिवसभर त्या गल्ल्यावर. तक्रार म्हणजे दम लागतो, जिना चढवत नाही, दुपारी खुर्चीत बसल्या बसल्या डोळा लागतो. “अंगात कायच राहिलं न्हाई बघा मॅडम,” एवढंच त्या म्हणाल्या. बाकीचं मुलगा बोलत होता. त्याच्या हातात पिशवीभर रिपोर्ट आणि रिकाम्या टॉनिकच्या बाटल्या होत्या.

मी आधी हात बघितले. तळहात उघडून बोटं थोडी मागे ताणली की रेषा लालसर दिसायला हव्यात. इथे रेषाही तळव्याइतक्याच पांढऱ्या होत्या. खालची पापणी ओढली तर आतला भाग कागदासारखा. नखं चपटी झाली होती आणि दोन बोटांची तर मधे खोलगट. त्यावर पाण्याचा थेंब सोडला तर तो ओघळला नाही, जागच्या जागी थांबला. “लिंबं कापताना नखाचे तुकडे पडत्यात,” मावशी म्हणाल्या. ओठांच्या कोपऱ्यांत चिरा होत्या आणि जीभ गुळगुळीत. एवढं दिसल्यावर मी विचारलं, “माती, खडू, कच्चे तांदूळ, बर्फ, असलं काही खावंसं वाटतं का?”

मावशी गप्प. मुलगा हसला. “बर्फ तर दिवसभर चालूच असतोय. पण मॅडम, आमचा धंदाच तो हाय.”

हेच तर अडलं होतं. दुसऱ्या कुणाच्या घरी बाई फ्रीजचे ट्रे रिकामे करायला लागली असती तर घरच्यांनी टोकलं असतं. इथे लादी रोज पोत्यात गुंडाळून येते, टोच्याने फोडली जाते, समोर खडे पडलेले असतात. खाणाऱ्याकडे कोण बघतंय? मी खोदून विचारलं तेव्हा कळलं की दुकान बंद करून घरी जातानाही त्या डब्यात बर्फ नेत. रात्री उठून चावत. मागच्या हिवाळ्यातही चालू होतं. तहान म्हणून नव्हे, पाण्याने भागत नव्हतं. दाताखाली कुरकुर झाली की बरं वाटायचं. लोह कमी झालं की काही माणसांना बर्फ चावायची अशी ओढ लागते. ती का लागते, याचं सगळ्यांना पटलेलं उत्तर वैद्यकशास्त्रात अजून नाही. पण थकवा आणि फिकटपणा यांच्या जोडीला ती दिसली, तर मी सगळ्यात आधी लोहाकडेच बघते.

रक्ताचा रिपोर्ट संध्याकाळी आला. हिमोग्लोबिन ७.४. आपल्याकडे एवढा एकच आकडा वाचून कागद घडी करून ठेवतात, डॉक्टरसुद्धा, आणि याचा मला मनापासून राग येतो. खरी गोष्ट खालच्या ओळींत असते. लाल पेशींचं सरासरी आकारमान, म्हणजे एमसीव्ही, ६४ होतं. साधारण ८० ते १०० असायला हवं. म्हणजे पेशी लहान. आरडीडब्ल्यू जवळजवळ २०, म्हणजे पेशी एकसारख्या नाहीत, काही जुन्या बऱ्या आणि काही नव्या खुरटलेल्या. पेशींची संख्या ४१ लाख. लहान पेशी थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकाराच्या वाहकांतही दिसतात, पण तिथे संख्या सहसा चांगली भरलेली असते आणि हिमोग्लोबिन इतकं खाली क्वचितच जातं. एमसीव्हीला दशलक्षातल्या संख्येने भागलं तर १५ च्या वर येत होतं. तेराच्या खाली आलं तर थॅलेसेमियाचा संशय, वर आलं तर लोहाचा. हा ढोबळ हिशेब आहे, त्यावर निदान करायचं नसतं, म्हणून फेरिटिन केलं. ते शरीरातल्या लोहाच्या साठ्याचं माप. आलं ६. पंधराच्या खाली असेल तर साठा संपला असंच समजायचं, तिथे वादाला जागा नाही.

लोह कमी आहे हे ठरलं. मुलाला ते पटेना. “मॅडम, आमच्याकडं बुधवार-रविवार मटण असतंय. तांबडा, पांढरा सगळं. रक्त कमी कसं हुईल?” प्रश्न बरोबर होता, आणि माझ्या दृष्टीने फार महत्त्वाचा होता. मटणातलं लोह शरीर चांगलं शोषून घेतं. खाणं बरं, पाळी बंद, तरी साठा शून्यावर आला असेल तर लोह कुठून तरी बाहेर जात असलं पाहिजे. आपण अन्नातून दिवसाला एक-दोन मिलिग्रॅमच लोह घेऊ शकतो. एक मिलिलिटर चांगल्या रक्तात अर्धा मिलिग्रॅम लोह असतं. म्हणजे रोज चमचा-दोन चमचे रक्त आतड्यात झिरपत राहिलं तर मिळकत आणि खर्चाचं गणित बिघडतं. एवढं रक्त शौचात डोळ्यांना दिसत नाही.

पिशवीतल्या रिपोर्टांत वर्षभरापूर्वीचा एक सापडला. हिमोग्लोबिन १०.१, एमसीव्ही ७४. तेव्हा कुणीतरी टॉनिक आणि लाल रंगाची बी-बाराची इंजेक्शनं दिली होती. बी-बारा कमी असेल तर पेशी मोठ्या होतात. ७४ चा एमसीव्ही समोर असताना ती इंजेक्शनं कशासाठी, हे मला कळलेलं नाही. टॉनिक जेवणानंतर चहाबरोबर घेतलं जायचं, आणि चहा लोहाला आतड्यात नीट शोषू देत नाही.

मी लोहाची गोळी दिली. रिकाम्या पोटी, दिवसातून एकदा, चहा आणि कॅल्शियमच्या गोळीपासून दोन तास लांब. शौच काळं होईल, घाबरू नका, हेही सांगितलं. सोबत दुर्बिणीच्या तपासणीची चिठ्ठी लिहिली, वरून आणि खालून दोन्ही.

आठवडाभरात मावशी हसत आल्या. बर्फ सुटला होता! “डबा न्यायचीच इसरले,” म्हणाल्या. हे असंच होतं. हिमोग्लोबिन वाढायला तीन-चार आठवडे लागतात, पण बर्फाची ओढ त्याच्या कितीतरी आधी जाते. माणसाला वाटतं, आजार गेला. घरच्यांनाही वाटलं. “आता बरी झालेय की आई, नळी कशाला घालायची?” मुलाने विचारलं. यातच खरा धोका आहे. गोळीने ओढ गेली म्हणजे लोह कमी होतं एवढंच सिद्ध झालं. ते का कमी झालं, याबद्दल गोळी काहीच सांगत नाही. उलट, माणसाला डॉक्टरकडे परत आणणारं लक्षणच ती पुसून टाकते.

मी मावशींना त्यांच्याच दुकानाचं उदाहरण दिलं. गल्ल्यातून रोज थोडे पैसे जात असतील तर तुम्ही घरून पैसे आणून भरत बसाल, की कोण काढतंय ते बघाल? त्या लगेच म्हणाल्या, “बघीन की!” मुलाला मात्र वेळ लागला.

वरची दुर्बीण आधी झाली. रिपोर्टमध्ये जठराला सौम्य सूज. घरचे खूश, कारण मावशी गुडघ्यासाठी मेडिकलमधून अधूनमधून वेदनाशामक गोळ्या आणत. “सापडलं की मॅडम, त्या गोळ्यांनीच झालं.” एका नातेवाइकाने ओळखीच्या डॉक्टरांना फोन केला, त्यांनीही पित्ताच्या गोळ्या द्या, बाकी काही नको, असं सांगितलं. सौम्य सूज कितीतरी लोकांच्या जठरात दिसते. व्रण नाही, रक्तस्रावाची खूण नाही, आणि फेरिटिन ६ वर? तेवढ्याशा सुजेवर हे सगळं टाकून मोकळं होणं मला मान्य नव्हतं. कुणीतरी शौचातल्या लपलेल्या रक्ताची तपासणी करून बघू म्हणालं. मी नको म्हटलं. ती निगेटिव्ह आली असती तर घरच्यांनी पुढे पाऊलच टाकलं नसतं, आणि या स्थितीत निगेटिव्ह आल्याने काहीच सिद्ध होत नाही. रक्त रोज सारखंच येईल असं नसतं.

कोलोनोस्कोपीआधी, म्हणजे खालच्या दुर्बिणीआधी, आठवडाभर लोहाची गोळी बंद ठेवावी लागते. नाहीतर काळा चिकट थर आतड्याच्या भिंतीला बसतो आणि आत नीट दिसत नाही. गोळी बंद करायची म्हटल्यावर घरात पुन्हा वाद. जिने बरं वाटलं तीच बंद करायची? त्या आठवड्यात मी मुलाशी फोनवर जितकं बोलले, तितकं एरवी एखाद्या रुग्णाच्या नातेवाइकांशी महिनाभरात बोलत नाही.

मोठ्या आतड्याच्या अगदी सुरुवातीला, उजव्या बाजूला, गाठ सापडली. तुकड्याचा रिपोर्ट कर्करोगाचा आला. त्या जागी आतडं रुंद असतं आणि मल पातळ असतो, त्यामुळे गाठ बरीच वाढली तरी सहसा अडथळा होत नाही, पोट दुखत नाही, शौचाची सवय बदलत नाही. रक्त मलात मिसळून जातं. त्यामुळे रक्त कमी होणं हेच अनेकदा पहिलं लक्षण असतं, आणि मावशींच्या बाबतीत ते एकमेव होतं.

महात्मा फुले योजनेतून ऑपरेशन झालं. शिरेतून लोह देऊन हिमोग्लोबिन आधी वर आणलं होतं. उजवीकडचा आतड्याचा भाग काढला. पॅथॉलॉजीच्या रिपोर्टमध्ये सोळापैकी दोन लसिकाग्रंथींत रोग होता, म्हणून केमोथेरपी चालू आहे. तिच्यातल्या एका औषधाने गारवा सहन होत नाही. थंड पाणी प्यायलं की घशात आवळल्यासारखं होतं, फ्रीजमधली वस्तू धरली की बोटांना मुंग्या येतात. तेव्हा आता रसवंतीवर सून बसते. सुनेच्याही तळहाताच्या रेषा मला फारशा बऱ्या वाटल्या नाहीत, तिची पाळी जास्त जाते. तिचा रिपोर्ट केला, फेरिटिन ११. तिच्या बाबतीत कारण समोर आहे, तरी उपचार पाळीचाही करायचा, नुसत्या गोळीवर थांबायचं नाही.

मला सतावतो तो वर्षापूर्वीचा कागद. एमसीव्ही ७४, पाळी गेलेली बाई, मटण खाणारं घर. त्याच वेळी दुर्बीण झाली असती तर त्या दोन ग्रंथी मोकळ्या असत्या का? असत्याच, असं मी म्हणू शकत नाही. गाठ तेव्हा कुठवर गेली होती हे आता कुणालाच कळायचं नाही. मुलाने मला हाच प्रश्न विचारला, दवाखान्यात कुणी नसताना, आणि मी त्याला एवढंच सांगू शकले. त्याने तो जुना रिपोर्ट मागून घेतला आणि ज्यांनी टॉनिक दिलं होतं त्यांच्याकडे जायचं म्हणाला. भांडायला नको, कागद दाखवायला जा, असं मी सांगितलं. तो गेला की नाही, अजून बोलला नाही.