मेटॅलिक ग्लासची कांडी ओतली आणि मोडूनही बघितली – माझा अनुभव

मास्टर्सच्या प्रोजेक्टला मला मेटॅलिक ग्लासचा विषय मिळाला, म्हणजे असा धातू ज्यात अणू क्रिस्टलसारखे शिस्तीत रचलेले नसून काचेसारखे विस्कळीत असतात. अलॉय म्हणजे मिश्रधातू होता Zr55Cu30Al10Ni5, म्हणजे शंभरातले ५५ अणू झिर्कोनियमचे आणि बाकी तांबं, अॅल्युमिनियम, निकेल. यातून ३ मिमी जाडीची कांडी ओतायची, ती खरंच ग्लास झालीय का बघायचं आणि मग दाबून मोडायची, एवढंच काम, पण त्यात बरंच शिकायला मिळालं म्हणून सविस्तर लिहितेय.

आधी थंड करण्याचं बोलू. वितळलेला धातू गोठणबिंदूच्या जरासा खाली आला की अणू भरपूर हलत असतात पण क्रिस्टल व्हायची ओढ अजून कमी असते. खूप खाली आला की ओढ जबरदस्त, पण द्रव इतका घट्ट झालेला असतो की अणूंना जागेवर जाऊन बसताच येत नाही. खरा धोका मधल्या तापमानाला, तिथे ओढही असते आणि हालचालही. तो टप्पा क्रिस्टलची बीजं पडायच्या आत ओलांडला की अणू द्रवात होते तसेच विस्कळीत गोठतात आणि त्यालाच ग्लास म्हणायचं. १९६० मध्ये कॅलटेकला पॉल दुवेझ यांच्या ग्रुपने सोनं-सिलिकॉनचा पहिला मेटॅलिक ग्लास केला तेव्हा सेकंदाला दहा लाख अंशांच्या आसपास वेग लागला होता, म्हणून नुसती पातळ पापुद्र्यासारखी चकती मिळाली. आमच्या अलॉयमध्ये चार वेगवेगळ्या आकारांचे अणू दाटीवाटीने बसतात, द्रव आधीच घट्ट असतो आणि क्रिस्टल व्हायला अणूंची बरीच फेरमांडणी लागते, त्यामुळे तो खूप कमी वेगावर भागवतो.

किती वेग मिळतो त्याचा एक सोपा अंदाज आहे, तांब्याच्या साच्यात साधारण १० भागिले त्रिज्येचा वर्ग, त्रिज्या सेंटीमीटरमध्ये. ३ मिमी कांडीची त्रिज्या ०.१५ सेंमी, म्हणजे सेकंदाला जवळपास ४४० अंश. १० मिमीची कांडी घेतली तर तोच आकडा ४० वर येतो, म्हणून जाडी वाढवली की गणित एकदम बिघडतं.

ओतायची पद्धत अशी, आर्गॉन भरलेल्या आर्क मेल्टरमध्ये, म्हणजे विजेच्या ठिणगीने धातू वितळवणाऱ्या भट्टीत, आधी टायटॅनियमचा गोळा वितळवायचा, तो उरलासुरला ऑक्सिजन खाऊन टाकतो, मग अलॉयचं बटण उलटवून उलटवून चार-पाच वेळा वितळवायचं आणि शेवटी सक्शनने तांब्याच्या साच्यात ओढायचं. सुरुवातीच्या कांड्यांच्या एक्सआरडीत, म्हणजे क्ष-किरणांनी अणूंची मांडणी तपासणाऱ्या चाचणीत, क्रिस्टलची खूण असलेले पीक्स होते, रुंद उंचवट्यावर टोकदार पीक्स दिसत होते. साचा तोच, वेग तोच, मग कारण काय, तर झिर्कोनियमच्या त्या लॉटमध्ये ऑक्सिजन जास्त होता. ऑक्सिजनमुळे काही क्रिस्टल आधी जन्मतात आणि त्यांच्या अंगावर बाकीचे वाढतात, म्हणजे लागणारा वेगच वाढून बसतो. जास्त शुद्ध झिर्कोनियम घेतल्यावर ३८ अंशांच्या कोनाच्या आसपास फक्त एक रुंद उंचवटा, म्हणजे ग्लासची खूण, उरला. तरी एक्सआरडीवर थांबू नका, थोडेसे क्रिस्टल त्यात लपतात. डीएससीत, म्हणजे सँपल तापवत उष्णतेची देवाणघेवाण मोजणाऱ्या चाचणीत, आधी ४१० अंश सेल्सिअसच्या जवळ ग्लास मऊ होण्याची पायरी आणि पुढे क्रिस्टल होण्याचा उष्णतेचा पीक बघा, आणि त्या पीकमधली उष्णता पूर्ण ग्लास असलेल्या सँपलपेक्षा कमी आली तर समजा काही भाग आधीच क्रिस्टल झालाय.

मग कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे दाबून मोडायची चाचणी. ३ मिमी व्यासाचा, ६ मिमी उंच तुकडा, दोन्ही टोकं अगदी समांतर घासलेली, नाहीतर एका कडेवर ताण साचतो आणि आकडे चुकीचे येतात. १८०० मेगापास्कलच्या आसपास ताण घेतला त्याने, म्हणजे सात चौरस मिलिमीटरच्या तुकड्यावर जवळजवळ १३ किलोन्यूटन, साधं बांधकामाचं स्टील २५० मेगापास्कललाच वाकायला लागतं. शिवाय लवचिकपणे दबलाही सुमारे २ टक्के, धातूंमध्ये हे फारच जास्त आहे. आणि मग एका क्षणात फाट! तिरका तुटला, दाबाच्या दिशेशी ४२ अंशांच्या आसपास. जाड शील्डशिवाय ही टेस्ट करूच नका, साठलेली सगळी लवचिक ऊर्जा एकदम सुटते.

ताकद आणि ठिसूळपणा दोन्हीचं मूळ एकच आहे हे मला इथे नीट कळलं. साध्या धातूत डिसलोकेशन, म्हणजे क्रिस्टलच्या रांगांमधले दोष, सरकतात म्हणून तो कमी ताणावर वाकायला लागतो, इथे क्रिस्टलच नाही तर डिसलोकेशन कुठून येणार, म्हणून ताकद इतकी. पण साधा धातू वाकताना डिसलोकेशन एकमेकांत अडकून तो भाग कडक होतो आणि वाकणं शेजारी पसरतं, ते इथे होत नाही. ग्लासमध्ये जिथे अणूंचा एखादा गट घसरला तिथली मांडणी सैल होते, तो भाग आणखी मऊ पडतो, सगळी घसरण दहा-वीस नॅनोमीटर जाडीच्या एका पट्ट्यात जमा होते. हाच शिअर बँड. तुटलेल्या पृष्ठभागावर एसईएममध्ये, म्हणजे इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपमध्ये, शिरांचं जाळं दिसलं, म्हणजे तिथे पदार्थ मऊ होऊन वाहिला होता, बाकी कांडी मात्र जशीच्या तशी.

कॉम्प्रेशनमध्ये थोडी तरी प्लॅस्टिसिटी, म्हणजे न तुटता कायमचा आकार बदलणं, मिळते कारण दाबामुळे बँड लगेच उघडत नाही. ओढून बघितलं तर जवळजवळ शून्य, पहिलाच मोठा बँड आरपार जातो. त्यामुळे कुणी नुसत्या कॉम्प्रेशनच्या आकड्यावर आमचा ग्लास डक्टाइल आहे, म्हणजे ओढला तर न तुटता ताणला जातो, असं म्हणत असेल तर टेन्शनचा, म्हणजे ओढण्याच्या चाचणीचा, ग्राफ मागाच. सध्या मला जास्त पटणारा उपाय म्हणजे ग्लासच्या आत मुद्दाम मऊ क्रिस्टलच्या फांद्या वाढवायच्या, बँड त्यांना धडकून थांबतात आणि नवे बँड सुरू होतात, पण त्यासाठी अलॉयच वेगळा घ्यावा लागतो, या Zr55 मध्ये आपोआप येणारे क्रिस्टल कडक आणि ठिसूळ असतात, ते उलट तडा लवकर आणतात.