किटलीचे पाच बुलेट आणि एक वायर

आज दिवसभर इलेक्ट्रिक किटलीच्या लिस्टिंगवर, म्हणजे ऑनलाइन विक्रीच्या पानावरच्या मजकुरावर बसले होते; त्यात फायद्यांचे पाच मुद्दे, म्हणजे बुलेट, लिहायचे होते. सप्लायरचा कागद नेहमीसारखाच कोरडा: 1500 वॅट, 1.7 लिटर, बॉइल-ड्राय प्रोटेक्शन, वायर 0.75 मीटर. वर ठळक अक्षरात ‘3 मिनिटांत उकळते’.

हे तीन मिनिटांचं मला पटेना. 25 अंशांचं 1.7 लिटर पाणी उकळायला साधारण 534 किलोज्यूल लागतात. 1500 वॅटवर म्हणजे जवळपास सहा मिनिटं, तीही उष्णता जराही वाया गेली नाही तर! म्हणजे सप्लायरने अर्धी किटली उकळून पूर्ण किटलीचं श्रेय घेतलं. मग 600 मिली पाणी घेऊन घड्याळ लावलं, आकडा तीन मिनिटांच्या आत आला. पहिला बुलेट झाला: ‘तीन कप पाणी तीन मिनिटांत, पूर्ण भरलेली किटली साधारण सात मिनिटांत (1500 वॅट)’. फायदा आधी, आकडा मागून. आकडा काढायचा मात्र नाही, तुलना करणारे तोच शोधतात.

‘बॉइल-ड्राय’चं लिहिलं, ‘रिकाम्या किटलीचं बटण चुकून दाबलं गेलं, तरी ती स्वतःच बंद होते’.

वायरपाशी गाडी अडली. पाऊण मीटरचा फायदा काय सांगणार? ‘ओट्यावर गुंता नाही’ असं सुचलं होतं, पण प्लग लांब असलेला माणूस किटली परतच पाठवणार. म्हणून सरळ लिहिलं: ‘वायर 75 सेंमी, प्लगपासूनचं अंतर आधी मोजा’. सप्लायरला ते काढून हवंय. मी ठेवलंय.