परआयोडिक आम्लाचा आकडा ३ वरच अडतो तेव्हा

आमच्या प्रात्यक्षिकाच्या पत्रकात एकच ओळ होती: "ग्लुकोज परआयोडेटचे ५ मोल खातो, एका तासाने रीडिंग घ्या." कोणी छापली माहीत नाही, पण त्या ओळीपायी आमचा आठवडा गेला. एका तासाने ५ येत नाही, ३ येतं. मग वहीत 'टायट्रेशनची चूक' असा शेरा पडतो. चूक टायट्रेशनची नसते.

काम साधं होतं. ग्लुकोजची साखळी एका कार्बनने आखूड करून अरॅबिनोज मिळवायचा आणि सहाचे पाच कार्बन झाले हे परआयोडेटने दाखवायचं. शेजारीशेजारी हायड्रॉक्सिल असलेल्या दोन कार्बनांमधला बंध परआयोडेट कापतं, एका बंधाला एक मोल. साखळी वाढवायची तर सायनाइड लागतं आणि ते विद्यार्थ्यांच्या हाती देणं शक्य नाही, म्हणून रुफची पद्धत घेतली. ग्लुकोजपासूनच होणारं २० ग्रॅम कॅल्शियम ग्लुकोनेट, २०० मिली पाणी, फेरिक सल्फेट आणि बेरियम ॲसिटेटपासून केलेलं थोडं फेरिक ॲसिटेट, आणि दोन हप्त्यांत ३० टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड. पहिला कार्बन कार्बन डायऑक्साइड होऊन निघून जातो. हा भाग सुरळीत झाला, त्यावर जास्त लिहीत नाही.

मोजणी अशी बसवली होती की डोक्याला ताप नको. ०.१ मिलिमोल शर्करा (ग्लुकोज असेल तर १८ मिग्रॅ) आणि ०.०५ मोलरचं २० मिली सोडियम मेटापरआयोडेट एकत्र करून पाण्याने ५० मिली करायचं. त्यातले ५ मिली संपृक्त सोडियम बायकार्बोनेटच्या १० मिलीत सोडायचे, उरलेलं परआयोडेट मारायला ०.०२५ मोलर आर्सेनाइट ५ मिली आणि थोडं पोटॅशियम आयोडाइड घालून १५ मिनिटं थांबायचं. उरलेला आर्सेनाइट ०.०१ मोलर आयोडीनने मोजायचा, स्टार्च टाकून. शर्करा नसलेल्या ब्लँकला २.५ मिली आयोडीन लागतं. नमुन्याला त्याच्यापेक्षा जितके मिली जास्त, तितके मोल परआयोडेट एका मोल शर्करेने खाल्लं. आकडेमोड नाहीच. आर्सेनाइट विषारी आहे, पिपेट तोंडाने ओढायची नाही आणि उरलेलं द्रावण वेगळ्या डब्यात.

फ्रिजमध्ये अंधारात ठेवलेल्या ग्लुकोजला तासाभराने ५.४ मिली लागलं, म्हणजे २.९ मोल. दुसऱ्या दिवशी ३.३. आणि नव्या पदार्थालाही जवळपास ३. "मॅडम, साखळी तुटलीच नाही का?" असा प्रश्न आला आणि तो रास्त होता.

उत्तर कड्याच्या रचनेत आहे. पाण्यात ग्लुकोज सरळ साखळी म्हणून बसत नाही, पहिला कार्बन पाचव्याच्या ऑक्सिजनला जोडून सहा जणांचं कडं होतं. मोकळे हायड्रॉक्सिल शेजारीशेजारी आहेत ते पहिल्या ते चौथ्या कार्बनवर, म्हणजे कापण्याजोगे बंध तीन. ते कापले की दुसरा आणि तिसरा कार्बन फॉर्मिक आम्ल होऊन सुटतात, पण पहिला सुटत नाही. तो पाचव्याच्या ऑक्सिजनवर फॉर्मेट एस्टर म्हणून चिकटून राहतो. त्यामुळे पाचव्यावर मोकळा हायड्रॉक्सिल नाही आणि चौथा-पाचवा, पाचवा-सहावा हे बंध परआयोडेटला दिसतच नाहीत. गार आणि आम्लधर्मी द्रावणात हा एस्टर फार हळू सुटतो, म्हणून काटा तिथेच अडून राहतो.

अरॅबिनोजचंही हेच. त्याच्या सहा जणांच्या कड्यातही पहिल्या चार कार्बनांवर हायड्रॉक्सिल आहेत, तिथेही तीनच बंध आधी कापले जातात आणि पाचव्यावर फॉर्मेट अडकतो. खरी बेरीज ग्लुकोजची ५ आणि अरॅबिनोजची ४, पण पहिल्या तासात दोघेही ३ दाखवतात. म्हणजे जे ओळखायचं तेच झाकलं जातं!

एस्टर सोडवायचा एक मार्ग म्हणजे बायकार्बोनेटने पीएच ७ च्या आसपास आणून खोलीच्या तापमानाला रात्रभर ठेवणं. तसं केल्यावर सकाळी ग्लुकोज ५.० वर आला आणि जीव भांड्यात पडला. पीएच ८ च्या वर मात्र जाऊ देऊ नका.

दुसरा मार्ग मला जास्त भरवशाचा वाटतो: आधी कडंच नाहीसं करा. शर्करा ५ मिली पाण्यात घेऊन २० मिग्रॅ सोडियम बोरोहायड्राइड टाका, दोन तास ठेवा, मग बुडबुडे थांबेपर्यंत थेंबथेंब ॲसेटिक आम्ल. ग्लुकोजचा सॉर्बिटॉल होतो, अरॅबिनोजचा अरॅबिनिटॉल. ॲल्डिहाइडच नाही तर कडं कशाचं आणि एस्टर कुठला? चार तासांत ५ आणि ४ मिळतात. दोन रीडिंग सारखी आली की झालं. बोरोहायड्राइड पूर्ण मारलेलं नसेल तर तेही परआयोडेट खातं आणि आकडा ५ च्या वर जातो. म्हणून ब्लँकमध्येही बोरोहायड्राइड आणि ॲसेटिक आम्ल तेवढंच घाला.

तरीही एक फट राहते, आणि ती पत्रकात कुठेच नव्हती. ठाण्यात जुलैत आमच्या पदार्थाचं सिरप कोरडं होतच नाही, त्यामुळे वजनावर विश्वास नाही. शिवाय पाच कार्बनांची शर्करा १८ मिग्रॅ घेतली तर ती ०.१२ मिलिमोल भरते, ४.८ मिली दाखवते, आणि सहावाली ५.०. फरक इतका बारीक की थोडंसं पाणी तो गिळून टाकतं. आमचा १८ मिग्रॅ पदार्थ ४.३ वर थांबला. यावरून काय म्हणणार?

वजन बाजूला सारायचं असेल तर गुणोत्तर घ्या. अशा अल्कोहोलच्या दोन्ही टोकांचे कार्बन फॉर्माल्डिहाइड होतात, साखळी कितीही लांब असो. म्हणून परआयोडेट भागिले फॉर्माल्डिहाइड: सहा कार्बनला २.५, पाचला २.०. उरलेलं परआयोडेट आर्सेनाइटने मारून क्रोमोट्रोपिक आम्लाचा जांभळा रंग ५७० नॅनोमीटरला मोजला, आणि प्रमाण म्हणून तितकेच संस्कार केलेला सॉर्बिटॉल (१८.२ मिग्रॅ) ठेवला. सॉर्बिटॉल २ धरला तर आमचा पदार्थ २.१५ आला. ४.३ भागिले २.१५, बरोबर २.०. पाच कार्बन! त्या संध्याकाळी नेरूळची गाडी चुकली त्याचं काही वाटलं नाही.

ग्लुकोज मिसळलेलं असेल तर गुणोत्तर २ आणि २.५ च्या मध्ये कुठेतरी येतं. ग्लुकोनेट उरला असेल तर ते आणखी वर चढतं, कारण त्याचं एकच टोक फॉर्माल्डिहाइड देतं. म्हणून सिरप आधी दोन्ही प्रकारच्या रेझिनमधून काढा. हे मला शेवटी सुचलं, तुम्ही सुरुवातीलाच करा.

याने साखळीची लांबी कळते, हायड्रॉक्सिल डावीकडे की उजवीकडे हे नाही. ग्लुकोज आणि मॅनोज दोन्ही आखूड केले तर तोच डी-अरॅबिनोज मिळतो, आणि दोघांचे अल्कोहोल ५ च दाखवतात. त्यांतला मॅनोज ओळखायला फिनिलहायड्रॅझिन बरं, त्याचा हायड्रॅझोन गार पाण्यातच खाली बसतो.