पैलवानांचा बलक आणि डेअरीची पावती

सांगलीत विश्रामबागला मी आहारतज्ज्ञ म्हणून बसते, आणि कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट घेऊन आलेला माणूस खुर्चीत टेकायच्या आधीच सांगतो, "मॅडम, अंडी बंद केली हो." मिरज तालुक्यातल्या एका वस्तीवरून आलेल्या त्या पैलवानांनीही हेच सांगितलं. वय चौपन्न. लाल मातीतली कुस्ती सुटून बरीच वर्षं झाली होती, पण खुराक सुटला नव्हता. रोज चार उकडलेली अंडी, दूध, भाकरीवर तूप. सात-आठ महिन्यांपूर्वी तपासणीत एलडीएल, म्हणजे ज्याला वाईट कोलेस्टेरॉल म्हणतात ते, १४९ आलं, तेव्हा गावातल्या कुणीतरी सांगितलं की बलकानं रक्तवाहिन्या तुंबतात. त्या दिवसापासून पांढरं पैलवान खायचे आणि पिवळं वहिनी कुत्र्याला घालायच्या.

आता दुसरा रिपोर्ट टेबलावर होता. एकूण कोलेस्टेरॉल २४६, एचडीएल म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल ४२, ट्रायग्लिसराइड १८०. बऱ्याच लॅबमध्ये एलडीएल थेट मोजत नाहीत, हिशेबानं काढतात: एकूण आकड्यातून एचडीएल वजा करायचं आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा हिस्सा वजा करायचा. २४६ वजा ४२ वजा ३६, म्हणजे १६८. बलक बंद केल्यावर आकडा एकोणीसनं वाढला होता. "एवढं तोंड मारून काय उपयोग झाला सांगा की," असं म्हणताना त्यांचा आवाज खरंच दुखावलेला होता.

थायरॉईडचं टीएसएच त्यांच्या डॉक्टरांनी आधीच करून घेतलं होतं आणि ते नॉर्मल होतं. हे पाहणं फार गरजेचं असतं, कारण थायरॉईड मंदावलं की खाण्यात काहीही न बदलता एलडीएल चढतं. घरात कुणाला चाळिशीत हार्ट अटॅक आला होता का, तेही विचारलं. तसं काही नव्हतं. मग मी विचारलं, बलकाच्या जागी काय आलं?

उत्तर वहिनींनी दिलं. "अंगात ताकद कमी पडू नये म्हणून दूध वाढवलं की. आधी अर्धा लिटर घेत हुते, आता लिटरभर घेत्यात. घरचीच म्हस हाय, पाणी न्हाई काय न्हाई."

दूध किती दाट, असं विचारल्यावर पैलवानांनी खिशातून डेअरीची पावती काढून माझ्यापुढे ठेवली. फॅट ७.२. आमच्या भागातल्या म्हैसवाल्याला फॅट म्हणजे काय ते शिकवावं लागत नाही, त्याच आकड्यावर त्याचं दहा दिवसांचं बिल निघतं. मी त्याच पावतीच्या मागे हिशेब मांडला. लिटरभर दुधात सत्तर ग्रॅमच्या वर फॅट. दुधाच्या फॅटमधला साधारण साठ टक्के भाग संपृक्त, म्हणजे गार झाल्यावर गोठणाऱ्या जातीचा असतो, म्हणजे चाळीस ग्रॅमच्या वर. एका बलकात सगळी मिळून पाच ग्रॅमच्या आसपास चरबी, आणि त्यातली संपृक्त फक्त दीड ग्रॅम. चार बलक काढून त्यांनी सहा ग्रॅम वाचवले आणि अर्धा लिटर दूध वाढवून वीसच्या वर आत घेतले. तूप अजून यात धरलेलंच नव्हतं.

पैलवान पावतीकडे बघत राहिले. मग त्यांनी नेमका प्रश्न विचारला: "पण कोलेस्टेरॉल तर बलकात असतंय ना? दुधात एवढं कुठं असतंय?"

बरोबर होतं त्यांचं. एका बलकात १८०-१९० मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल असतं, आणि रोजच्या जेवणातल्या दुसऱ्या कुठल्याच जिनसात एवढं सापडणार नाही. म्हणूनच १९६८ साली अमेरिकन हार्ट असोसिएशननं आठवड्याला तीनच बलक खा असा सल्ला दिला, आणि तो जगभर पसरला. खाल्लेलं कोलेस्टेरॉल सरळ रक्तात जाऊन बसत असेल, असं वाटणं साहजिक आहे. पण मधे आतडं आणि यकृत आहे.

आपलं शरीर रोज आठशे ते हजार मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल स्वतःच बनवतं. पेशींच्या आवरणाला ते लागतं, काही हार्मोन्सना लागतं, पित्तरसाला लागतं. पित्तरसाबरोबर रोज सुमारे हजार मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल आतड्यात उतरतं. म्हणजे आतड्यात जे कोलेस्टेरॉल असतं त्यात अंड्यातून आलेला वाटा लहान आणि यकृतातून आलेला मोठा असतो. या सगळ्यातलं सरासरी निम्मंच शोषलं जातं, बाकीचं शौचावाटे निघून जातं. आतड्याच्या पेशी आत घेतलेल्यातलंही काही परत बाहेर ढकलतात.

शोषलेलं कोलेस्टेरॉल यकृतात पोचतं, तेव्हा यकृत स्वतःचं उत्पादन कमी करतं. पैलवानांना मी टाकीतल्या बॉलकॉकचं उदाहरण दिलं: टँकरनं वरून पाणी ओतलं की बॉलकॉक उचलला जातो आणि नळाचं पाणी कमी होतं. ज्या एन्झाइमच्या जोरावर यकृत कोलेस्टेरॉल बनवतं, त्यालाच कोलेस्टेरॉल कमी करणारी स्टॅटिनची गोळी रोखते. म्हणून एका बाजूला अंडी वाढली आणि दुसऱ्या बाजूला घरचं उत्पादन घटलं, की रक्तातला आकडा थोडाच हलतो. आहार काटेकोर मोजून केलेले प्रयोग एकत्र केले, तर रोजच्या जेवणात शंभर मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल वाढल्यावर रक्तातलं एकूण कोलेस्टेरॉल सरासरी दोन-सव्वादोननं वाढतं. म्हणजे रोज एका बलकामागे चारेक.

संपृक्त चरबीचं काम वेगळं आहे. रक्तातले एलडीएलचे कण उचलून घेण्यासाठी यकृताच्या पेशींवर रिसेप्टर असतात. संपृक्त चरबी जास्त झाली की हे रिसेप्टर कमी होतात, आणि तेच कण रक्तात जास्त काळ फिरत राहतात. दुधात कोलेस्टेरॉल कमी असूनही पैलवानांचा आकडा चढला तो यामुळे. चार बलक सोडल्याचा थोडा फायदा त्यांना नक्की झाला असणार, दहा-पंधराचा म्हणू. पण दुधानं तो खाऊन वर आणखी भर घातली.

१९९१ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एका अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या अमेरिकन गृहस्थांची माहिती छापून आली होती. ते रोज पंचवीस अंडी खायचे आणि त्यांचं एकूण कोलेस्टेरॉल दोनशेच्या आसपास होतं. तपासल्यावर दिसलं की त्यांचं आतडं खाल्लेल्यातलं फक्त अठरा टक्के शोषत होतं, आणि यकृत कोलेस्टेरॉलचं पित्ताम्लात रूपांतर दुपटीनं करत होतं. हे ऐकून पैलवान खुलले. मी लगेच सांगितलं की हे एका माणसाचं शरीर आहे, त्यावरून कुणी आपला खुराक ठरवू नये.

मला एकाच वेळी दोन गोष्टी बदलायच्या नव्हत्या, नाहीतर कशानं काय झालं ते कळत नाही. म्हणून आधी फक्त दूध आणि तूप धरलं. दूध परत अर्ध्या लिटरवर आणायचं, तेही तापवून, गार करून, जाड साय काढून. काढलेली साय घरातल्या कामगड्यांना आणि नातवंडांना. तूप दुपारी एक छोटा चमचा, रात्री नाही. बलक अजून बंदच. वहिनींनी फक्त एवढंच विचारलं की साय काढलेलं दूध म्हणजे पाणीच की. त्यांना सांगितलं, प्रथिनं आणि कॅल्शियम सायीबरोबर निघून जात नाही.

दोन महिन्यांनी त्याच लॅबमध्ये तपासणी केली. एकूण २१२, एचडीएल ४४, ट्रायग्लिसराइड १३०. हिशेबानं एलडीएल १४२. वजन अडीच किलोनं उतरलं होतं, त्याचाही यात हात आहे.

आता रोज एक अख्खं अंडं सुरू केलं, उकडलेलं. तुपात परतलेलं आमलेट चालणार नाही हे मुद्दाम सांगितलं, कारण मग बलकाचा परिणाम कुठला आणि तुपाचा कुठला ते वेगळं काढता येत नाही. सहा आठवड्यांनी एलडीएल १४५. माणसाचं एलडीएल एरवीही आज एक आणि पुढच्या आठवड्यात थोडं वेगळं येतं, दहा-बारानं इकडं-तिकडं होणं नेहमीचं आहे. तीनचा फरक त्यात कुठल्या कुठं बुडून जातो. १४५ चांगला आकडा आहे असं नाही. वय, रक्तदाब आणि तंबाखूची जुनी सवय पाहून गोळी लागेल का, हे त्यांच्या डॉक्टरांनी ठरवायचं होतं, आणि त्यांनी कमी मात्रेची सुरू केली.

एवढ्यावर सगळं सुरळीत झालं असतं, पण पैलवानांचे धाकटे भाऊ त्याच घरात राहतात. थोरल्याला बलक खायची परवानगी मिळाली म्हणून त्यांनीही रोज एक सुरू केला. दूध, तूप, वजन, सगळं पूर्वीसारखंच. त्यांचं एलडीएल आधी १२८ होतं, सहा आठवड्यांनी १५१ आलं. लॅबची चूक असेल म्हणून पंधरा दिवसांनी पुन्हा केलं, तर १४९. तेवीस आणि एकवीस, दोन्ही वेळा वर. याला योगायोग म्हणता येत नाही.

काही माणसांचं शरीर असंच असतं. त्यांचं आतडं जास्त शोषतं आणि यकृत उत्पादन तेवढं कमी करत नाही. दोन-चारची जी वाढ आपण सांगतो ती सरासरी आहे. त्या सरासरीत पैलवानांसारखे खूप आणि धाकट्या भावांसारखे थोडे, असे सगळे मिसळलेले असतात. तोंडाकडे बघून कोण कुठला ते सांगता येत नाही, सख्ख्या भावांतही नाही. बाकी काही न बदलता आधी आणि नंतर तपासायचं, आणि वाढ दिसली तर पुन्हा एकदा तपासून खात्री करायची, एवढाच मार्ग माझ्याकडे आहे. मधुमेह असलेल्यांना आणि ज्यांचं एलडीएल मुळातच १९०च्या वर आहे त्यांना मी हा प्रयोगही डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू देत नाही.

धाकट्यांनी बलक सोडला आणि सहा आठवड्यांनी ते १३१ वर आले. ते आता आठवड्यातून दोन अख्खी अंडी खातात, बाकीच्या दिवशी पांढरं. थोरले रोज एक खातात. वहिनी एकाच पातेल्यात दोघांची अंडी उकडतात आणि धाकट्यांच्या अंड्यांवर पेन्सिलीनं फुली मारून ठेवतात.