झोपेची गमी: एका गोळीचा पहिल्या रात्रीपासून ती सोडेपर्यंतचा हिशोब

कॅनडात १७ ऑक्टोबर २०१८ पासून गांजा कायदेशीर आहे. परवाना असलेल्या दुकानात गेलं की कपाटाचा एक आख्खा कप्पा ‘झोपेसाठी’ असतो: गमी म्हणजे चघळायच्या मऊ गोळ्या, तेलाच्या बाटल्या, कॅप्सूल. वेष्टनावर चंद्र, जांभळा रंग, शांत नाव. इथे आलेल्या माणसाला साहजिकच वाटतं की दुकानात उघडपणे मिळतंय आणि झोपेसाठी म्हणून मिळतंय, म्हणजे कुणीतरी तपासलेलं असणार. तपासलेलं असतं ते एवढंच की आत किती मिलिग्रॅम माल आहे आणि त्यात कीटकनाशकं, बुरशी वगैरे नाहीत ना. झोप येते का, हे दुकानात पोचण्यासाठी सिद्ध करावं लागत नाही.

गमीच्या आत गांजातली मुख्यतः दोन द्रव्यं असतात. टीएचसी नशा आणते. सीबीडी नशा आणत नाही. ‘झोप लागली’ असं जे लोक सांगतात ते बहुतेक वेळा टीएचसीचं काम असतं, आणि सकाळचं जड डोकं व पुढे लागणारी सवयही त्याचीच.

आधी सीबीडीचं बघू, कारण ‘हे तर निरुपद्रवी आहे’ म्हणून तेच आधी घेतलं जातं. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या एका दवाखान्याने ७२ रुग्णांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. बहुतेकांना रोज २५ मिलिग्रॅम सीबीडी दिलं होतं आणि पहिल्या महिन्यात दोन-तृतीयांश लोकांची झोप सुधारली. जाहिरातींत हेच फिरतं. पण या नोंदींत तुलनेसाठी खोटी, म्हणजे आत औषध नसलेली, गोळी घेणारा गट नव्हता, आणि निद्रानाशात खोट्या गोळीनेही बऱ्याच जणांना बरं वाटतं. पुढच्या महिन्यांत झोपेचे आकडे वरखालीही झाले. मग ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी निद्रानाश असलेल्या ३० जणांवर रीतसर चाचणी केली. काहींना दोन आठवडे रोज रात्री १५० मिलिग्रॅम सीबीडी, काहींना खोटी गोळी. निद्रानाशाच्या तीव्रतेत दोन्ही गटांत फरक पडला नाही. दुकानातल्या गमीत सीबीडी बहुधा १० ते ३० मिलिग्रॅम असतं, म्हणजे जे प्रमाण चाचणीत कमी पडलं त्याच्याही पाचव्या ते पंधराव्या हिश्शाएवढं.

टीएचसी आणि सीबीडी एकत्र असलेल्या तेलाचीही अशीच तपासणी झाली. निद्रानाश असलेल्या २० जणांना प्रयोगशाळेत झोपवलं, एका रात्री १० मिलिग्रॅम टीएचसी व २०० मिलिग्रॅम सीबीडी दिलं, दुसऱ्या रात्री खोटी मात्रा. औषधाच्या रात्री एकूण झोप साधारण २५ मिनिटांनी कमी भरली आणि स्वप्नं पडतात ती रेम झोप जवळजवळ ३४ मिनिटांनी घटली. चाचणी लहान आणि एका रात्रीची आहे, त्यावरून सगळ्यांसाठी निकाल लावता येत नाही. पण लेबल जे वचन देतं त्याच्या बरोबर उलट दिशेचं हे मोजमाप आहे. त्याच चाचणीत दुसऱ्या दिवशी चाचण्यांतली कामगिरी फारशी ढासळली नव्हती, हेही सांगायला हवं. सकाळचा जडपणा प्रत्येकाला येत नाही. तो कधी येतो ते मात्र सांगता येतं.

एक उदाहरण घेऊ. समजा एका माणसाला सकाळी ७ ला गाडी घेऊन कामावर निघायचंय. तो रात्री ११ ला, भरपेट जेवणानंतर, १० मिलिग्रॅम टीएचसीची गमी खातो. ओढलेला गांजा काही मिनिटांत चढतो. खाल्लेला पोटातून यकृतात जातो आणि तिथे टीएचसीचं ११-हायड्रॉक्सी-टीएचसी बनतं. ते मेंदूत सहज शिरतं आणि जोरदार असतं. म्हणून खाल्लेल्या मात्रेचा परिणाम सुरू व्हायला अर्धा ते दोन तास लागतात, शिखर साधारण दोन ते चार तासांनी येतं, आणि एकूण अंमल बारा तासांपर्यंत राहू शकतो. थोडीफार झापड चोवीस तासही टिकते. आता घड्याळ लावून बघा. ११ ची मात्रा मध्यरात्री कुठे जाणवायला लागते, रात्री १ ते ३ च्या दरम्यान शिखरावर असते, आणि सकाळी ७ ला, चावी फिरवताना, ती अजून अंगात असते.

इथेच सगळ्यात नेहमीची चूक होते. साडेबारा वाजले, काही वाटत नाही, म्हणून तो दुसरी गमी खातो. पहिलीचा चढ आणि दुसरीचा चढ रात्री दोन-तीनच्या सुमाराला एकमेकांवर येतात. छातीत धडधड, घाबरं होणं, तोल जाणं. जीवाला सहसा धोका नसतो, पण अंधारात बाथरूमला उठलेल्या वयस्क माणसासाठी ती पडण्याची वेळ असते. म्हणून एका रात्रीत दुसरी मात्रा घ्यायची नाही, हा नियम बाकी सगळ्याच्या आधी पाळावा. कॅनडात खाण्याच्या एका आख्ख्या पाकिटात जास्तीत जास्त १० मिलिग्रॅम टीएचसी चालतं आणि नवख्याने २.५ मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी घ्यावं असा सरकारी सल्ला आहे. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया, कोलोरॅडो अशा राज्यांत १० ही फक्त एका तुकड्याची मर्यादा आहे आणि पाकिटात १०० असू शकतात. कॅनडात ‘पाकीट संपवलं’ म्हणायची सवय लागलेला माणूस सीमेपलीकडे हीच भाषा वापरू लागला तर मात्रा दहापट होते.

सकाळचं जड डोकं गमीचं की नुसत्या झोपेचं, हे ओळखायची एक सोपी खूण आहे. उठल्यावरची नेहमीची सुस्ती बहुधा अर्ध्या तासात, फार तर तासाभरात उतरते. दहा वाजले तरी वाक्य दोनदा वाचावं लागत असेल, जिना उतरताना कठडा धरावासा वाटत असेल, तर अंमल उतरलेला नाही. अशा सकाळी गाडी चालवू नये. कॅनडात गाडी चालवल्यापासून दोन तासांच्या आत रक्तात मिलिलिटरमागे २ नॅनोग्रॅम टीएचसी सापडलं तरी गुन्हा होतो आणि ५ किंवा त्याहून जास्त असलं तर तो अधिक गंभीर धरतात. रोज घेणाऱ्याच्या रक्तात टीएचसी नशा उतरल्यावरही रेंगाळतं, कारण ते चरबीत साठतं. डिसेंबर २०१८ पासून नशेत गाडी चालवण्याची कमाल शिक्षा दहा वर्षांची झाली, त्यामुळे नागरिकत्व नसलेल्या माणसासाठी ही बाब ‘गंभीर गुन्हेगारी’त मोडते. कायम वास्तव्याचा परवानाही धोक्यात येतो. व्हिसावरच्या आपल्या मुलांना हे कुणी सांगत नाही.

आता त्याच माणसाला महिनाभर पुढे नेऊ. पहिले दहा-बारा दिवस तो खूश असतो, कारण टीएचसीमुळे सुरुवातीला डोळा खरंच लवकर लागतो. तिसऱ्या आठवड्यात तीच गमी पुरत नाही. मेंदूतल्या ज्या जागांवर टीएचसी बसतं त्या रोजच्या माऱ्याने कमी होतात आणि उरलेल्या बधिर होतात. तो १० वरून १५ वर, मग २० वर जातो. सकाळचं ओझं त्याबरोबर वाढतं, दुपारी कॉफी वाढते, आणि कॉफीने रात्रीची झोप अजून लांबते.

मग एके दिवशी तो गमी बंद करतो. एक-दोन दिवसांत चिडचिड सुरू होते, भूक मरते, घाम फुटतो, आणि झोप पूर्वीपेक्षाही वाईट होते. दाबून ठेवलेली रेम झोप उसळून येते, त्यामुळे स्वप्नं इतकी ठसठशीत आणि विचित्र पडतात की माणूस दचकून उठतो. ही लक्षणं पहिल्या आठवड्यात सगळ्यात तीव्र असतात, बहुतेक दोन-तीन आठवड्यांत ओसरतात, झोपेची तक्रार मात्र कधी महिन्याच्या पुढेही रेंगाळते. चौथ्या रात्री तो मनाशी म्हणतो, “बघ, गमीशिवाय मला झोप येतच नाही.” आणि पाकीट पुन्हा उघडतो. ज्या निद्रानाशासाठी त्याने सुरुवात केली तो आणि गमी सोडल्याचा हा निद्रानाश, दोन वेगळे आहेत. दुसरा गमीनेच तयार केलेला असतो. बऱ्याच जणांची सवय अशाच रात्री पक्की होते. अमेरिकेच्या सरकारी अंदाजानुसार गांजा वापरणाऱ्या दहापैकी सुमारे तिघांना वापर आटोक्यात ठेवता न येण्याचा विकार असतो.

म्हणून रोज घेणाऱ्याने एकदम बंद करण्यापेक्षा पायरीपायरीने उतरावं. गमीचे तुकडे करून नेमकी मात्रा साधत नाही, कारण द्रव्य तुकड्यात सारखं पसरलेलं असेलच असं नाही. त्यापेक्षा सुईविना पिचकारीने मोजायचं तेल बरं. मिलिलिटरमागे १० मिलिग्रॅम टीएचसी असलेलं तेल असेल तर २० मिलिग्रॅम म्हणजे २ मिलिलिटर. तिथून दर आठवड्याला अर्धा मिलिलिटर कमी केलं तर महिनाभरात शून्यावर येता येतं. एखादी पायरी जड गेली तर तिथेच आणखी आठवडा थांबावं, मागे जाऊ नये. बाटलीवर टीएचसीचे दोन आकडे असतात, त्यातला ‘एकूण टीएचसी’ हाच धरायचा. ही पक्की वैद्यकीय पद्धत नाही, व्यवहारातली रीत आहे. आधीपासून नैराश्य किंवा मनाचा दुसरा आजार असेल तर डॉक्टरांना सांगूनच करावं.

मुलांकडे येणाऱ्या आईबाबांसाठी एक गोष्ट वेगळी सांगायला हवी, कारण जेट लॅगवर ‘हे फक्त सीबीडी आहे, घ्या’ असं प्रेमाने दिलं जातं. सीबीडी यकृतातल्या औषधं मोडणाऱ्या काही विकरांना अडवतं. वॉरफरिनसारखं रक्त पातळ करणारं औषध घेणाऱ्याच्या रक्तात मग ते औषध साठत जातं आणि रक्तस्राव होऊ शकतो. फिट्सवरचं क्लोबाझामही असंच रक्तात साठतं. शिवाय ऑनलाइन घेतलेल्या बाटलीवर जे लिहिलंय ते आत असेलच असं नाही. २०१७ मध्ये ऑनलाइन विकत घेतलेली ८४ सीबीडी उत्पादनं तपासली तेव्हा फक्त २६ ची मात्रा लेबलशी जुळली आणि १८ मध्ये टीएचसी सापडलं. आणि उरलेली बाटली परतीच्या सामानात टाकायची नाही. कॅनडाच्या सीमेपलीकडे गांजाचं काहीही, सीबीडीसुद्धा, परवान्याविना नेणं गुन्हा आहे, आणि भारतात टीएचसी असलेला अर्क १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याखाली येतो.

मग मूळ निद्रानाशाचं काय? त्यावर पहिला उपचार म्हणून जगभरचे डॉक्टर ज्याची शिफारस करतात ती वर्तनोपचाराची पद्धत आहे, आणि तिचा गाभा कागदावर करता येतो. दोन आठवडे रोज लिहायचं: अंथरुणात किती तास, प्रत्यक्ष झोप किती. समजा ८ तास पडून राहून झोप साडेपाच तासच होते. मग अंथरुणातला वेळ ६ तासांवर आणायचा. उठायची वेळ साडेसहा पक्की धरली तर साडेबाराच्या आधी आडवं व्हायचं नाही. वीसेक मिनिटं डोळा लागला नाही तर उठून दुसऱ्या खोलीत बसायचं. आठवडाभर अंथरुणातल्या वेळाच्या ८५ टक्के झोप लागायला लागली की १५ मिनिटं वाढवायची. पहिले दोन आठवडे दिवसा पेंग येते, तेवढे दिवस लांबची गाडी चालवू नये. फिट्स येणाऱ्यांनी आणि बायपोलर आजार असणाऱ्यांनी हे डॉक्टरांशिवाय करायचं नाही, कारण झोप कापल्याने दोन्ही आजार उसळतात.