दोन मिनिटांत सगळी नोकरी

आज पणजीत कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांचा मेळावा झाला. प्रत्येकाला ओळख करून द्यायला दोन मिनिटं. बहुतेकांनी कंपन्यांची नावं सालवार वाचली, तिसऱ्या नावाला सभागृह मोबाइलमध्ये! म्हणून मी आजपासून सुरुवात केली: "मी वेर्ण्याला औषध कंपनीत क्यूसीत आहे. लेबलवर लिहिलंय तेवढं औषध गोळीत आहे का, ते तपासतो."

मग मागे गेलो. बीएस्सीनंतर डिचोलीकडे खाणीच्या लॅबमध्ये होतो. खनिज आम्लात विरघळवायचं, डायक्रोमेटनं टायट्रेशन करायचं, जांभळा रंग टिकला की रीडिंग घ्यायचं. लोहाचा टक्का जरा घसरला की मालाचा भाव बदलायचा.

2012 मध्ये खाणी बंद पडल्या. हे वाक्य गोव्यात समजावून सांगावं लागत नाही, अनेकांच्या घरी ट्रक किंवा बार्ज होतीच. मधला रिकामा काळ मी लपवला नाही. "शिकवण्या घेतल्या, औषधातले घटक मोजायचं एचपीएलसी तंत्र शिकलो," एवढंच सांगितलं. तो गाळला तर ऐकणारे तारखा जुळवत बसतात.

चहाच्या वेळी एका ज्युनिअर मुलीनं विचारलं, "दादा, खाणीतला अनुभव फार्मात चालतो?"

म्हटलं, हात चालतो, सवयी बदलाव्या लागतात. इथे चुकलेल्या आकड्यावर गिरवायचं नाही. एक रेघ मारायची, खालचा आकडा वाचता यायला हवा, बाजूला कारण, सही, तारीख. मुलाखतीत हे नक्की विचारतात. तिनं लगेच लिहून घेतलं.